२,१९९ रुपयांची वॉरंटी

परतूर तालुक्यातल्या आष्टीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने ऑनलाइन टीव्ही घ्यायचा ठरवला, असे धरू. ४३ इंची टीव्ही, किंमत २४,९९० रुपये, कंपनीची वॉरंटी एक वर्ष. पैसे भरायच्या आधी पडद्यावर एक चौकट येते: ‘आणखी २ वर्षांची वाढीव वॉरंटी, फक्त २,१९९ रुपये.’ टीव्हीच्या किमतीपुढे हा आकडा लहान दिसतो आणि घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘राहू द्या, पुढे कटकट नको.’ या दोन आकड्यांची आपण उदाहरणासाठी निवड केली आहे. तुमच्या खरेदीत ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

या प्रकरणात तीन प्रश्न सोडवायचे आहेत. ही किंमत वसूल होण्यासाठी टीव्ही किती वेळा बिघडायला हवा? आपल्या गावात टीव्ही ज्या कारणाने बिघडतो, ते कारण योजनेत बसते का? आणि बसले, तरी दुरुस्ती करणारा माणूस आष्टीपर्यंत येतो का? पहिला प्रश्न मुंबईतल्या ग्राहकालाही पडतो. पुढचे दोन गावातल्या ग्राहकासाठी जास्त महत्त्वाचे आहेत आणि नेमके तेच विचारायचे राहून जातात.

शंभर टीव्हींचा हिशेब

एका टीव्हीचे काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सारखेच शंभर टीव्ही डोळ्यांसमोर आणा. पहिल्या वर्षी काही बिघडले तर ती कंपनीची जबाबदारी. कारखान्यातले दोष बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतच उघडे पडतात, आणि झिजून बंद पडण्याची वेळ बरीच वर्षे वापरल्यावर येते. वाढीव वॉरंटी यांच्या मधल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठी असते. इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या आयुष्यातला हा साधारणपणे सगळ्यांत निवांत काळ असतो.

तरीही सढळ हाताने धरू, की या दोन वर्षांत शंभरातले दहा टीव्ही बिघडतील. त्यांतल्या आठांचा पॉवर सप्लायचा बोर्ड, मुख्य बोर्ड किंवा पडद्यामागची एलईडी पट्टी जाईल आणि प्रत्येकी सरासरी ४,००० रुपये खर्च येईल. उरलेल्या दोघांचे पॅनेल, म्हणजे खुद्द पडदाच जाईल. पॅनेल हा टीव्हीचा सगळ्यांत महाग भाग. ते बदलायला १६,००० रुपये धरू. आठांचे ३२,००० आणि दोघांचे ३२,००० मिळून ६४,००० रुपये झाले. ते शंभर घरांत वाटले तर दर घरामागे ६४० रुपये येतात.

योजनेची किंमत मात्र २,१९९ आहे. शंभर घरांकडून २,१९,९०० रुपये गोळा होतात आणि दुरुस्तीवर ६४,००० जातात. बाकीचे कुठे गेले? वाढीव वॉरंटी ही सेवा असल्याने तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा २,१९९ मधले सुमारे ३३५ रुपये करात गेले. विकणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन, फोन घेणारी माणसे, क्लेम तपासण्याचा खर्च आणि नफा हे सगळे उरलेल्या पैशांतून निघते.

दहा टीव्ही बिघडतील, हा आपला अंदाज चुकीचाही असू शकतो. म्हणून हिशेब उलटा करणे जास्त उपयोगाचे. योजनेच्या किमतीला सरासरी दुरुस्तीखर्चाने भागा. इथे सरासरी खर्च ६,४०० रुपये, आणि २,१९९ भागिले ६,४०० म्हणजे ०.३४. याचा अर्थ असा, की शंभरातले ३४ टीव्ही, म्हणजे जवळजवळ दर तिसरा टीव्ही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात बिघडत असेल तरच ही किंमत बरोबरीत सुटते. आता आजूबाजूच्या दहा घरांत विचारा: टीव्ही घेतल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी मोठी दुरुस्ती निघाली, असे किती जण सांगतात? तीन-चार निघाले तर योजनेचा विचार करा. एखादाच निघाला तर उत्तर मिळाले.

एवढे असूनही लोक ही योजना का घेतात, याचा शोध होसे मिगेल अबितो आणि युवाल सालांत या अर्थशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांनी अभ्यासासाठी वस्तूही टीव्हीच निवडली होती. वस्तू बिघडण्याची शक्यता ग्राहक प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त धरतात, आणि या धंद्यातल्या नफ्याचा मोठा भाग त्या चुकीच्या अंदाजातून येतो, असे त्यांना दिसले. म्हणूनच भीतीवर न जाता भागाकारावर जायचे.

पीकविम्याशी तुलना करताना

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विम्याची कल्पना नवी नाही. ‘सोयाबीनचा विमा काढतो, तर टीव्हीचा का नको?’ हा प्रश्न रास्त आहे. पण दोन्हींमध्ये मूळ फरक आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांसाठी शेतकऱ्याने भरायचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के असतो आणि उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरते. म्हणजे शेतकरी जोखमीच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी पैसे देतो. वाढीव वॉरंटीत उलटे आहे. तिथे जोखमीची किंमत, तिच्यावर कर, कमिशन आणि नफा हे सगळे ग्राहकच देतो.

दुसरा फरक नुकसानीच्या आकाराचा. पीक गेले तर वर्ष जाते आणि कर्ज थकते. टीव्हीचा बोर्ड गेला तर चार हजारांची चणचण होते, घर मोडत नाही. जे नुकसान आपल्याला पेलणार नाही त्याचा विमा काढायचा. जे पेलेल त्याचे पैसे बाजूला ठेवायचे. २,१९९ रुपये पोस्टाच्या खात्यात राहिले तर ते टीव्हीसाठी वापरता येतात, मिक्सरसाठीही आणि पंपासाठीही. वॉरंटीचे पैसे त्या एकाच वस्तूला बांधलेले असतात.

आष्टीत टीव्ही कशाने जातो?

आता दुसरा प्रश्न. वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा ‘निर्मितीतला दोष’ आणि ‘नेहमीच्या वापरात आलेला बिघाड’ यांनाच लागू असते. अटींच्या शेवटी वगळलेल्या गोष्टींची यादी असते. तिच्यात साधारणपणे व्होल्टेजचा चढउतार, वीज पडणे, पाणी शिरणे, पडून फुटणे, उंदीर आणि किड्यांमुळे झालेले नुकसान, रिमोट आणि केबल ही मंडळी असतात. खेड्यात टीव्ही जाण्याची मोठी कारणे पाहिली तर त्यांतली कितीतरी या यादीतच सापडतील.

व्होल्टेजचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. टीव्हीच्या मागच्या चिकटपट्टीवर अनेकदा 100-240V असे छापलेले असते. म्हणजे संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागल्यावर वीज १६० व्होल्टपर्यंत खाली आली, तरी असा टीव्ही मुकाट्याने चालत राहतो. कमी व्होल्टेजचा जास्त त्रास फ्रिजच्या कॉम्प्रेसरला होतो. टीव्हीला मारते ते जास्तीचे व्होल्टेज. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटली, की एका फेजवरच्या घरांत २३० च्या जागी ३०० आणि कधी त्याहून जास्त, ४०० च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकते. एका रात्री एकाच गल्लीतले चार-पाच टीव्ही आणि दिवे जळाले, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा पहिला संशय न्यूट्रलवर घ्यायचा.

अशा जळालेल्या बोर्डावर खुणा राहतात: फ्यूज काळा पडलेला, कपॅसिटर फुगलेला किंवा फुटलेला, प्लेटवर काजळी. कंपनीचा मेकॅनिक झाकण उघडतो, फोटो काढतो आणि अहवालात ‘बाह्य कारण’ लिहितो. क्लेम तिथेच संपतो. आपल्या हिशेबातल्या आठ बोर्डांपैकी तीन अशा रीतीने जळाले असे धरले, तर योजना पाच बोर्ड आणि दोन पॅनेल यांचेच पैसे देईल. म्हणजे ५२,००० रुपये, दर घरामागे ५२०. योजना देणार ते आधीच ६४० होते, ते आणखी खाली आले.

यावर उपाय आहे, पण तो वॉरंटीत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे व्होल्टेज गेले की पुरवठा तोडणारा, म्हणजे ‘हाय कट-ऑफ’ असलेला टीव्हीचा स्टॅबिलायझर साधारण योजनेच्याच किमतीत येतो. साधा स्पाइक गार्ड त्याची जागा घेत नाही. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो, पण न्यूट्रल तुटल्यावर जास्तीचे व्होल्टेज मिनिटेच्या मिनिटे टिकते आणि तेवढ्यात तो स्वतःच जळून जातो. विजा कडाडू लागल्यावर टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवणे याला पर्याय नाही. वीज केबलवाटेही घरात येते. जवळ २,२०० रुपयेच असतील, तर त्यांतून स्टॅबिलायझर घेणाऱ्याने आष्टीतल्या खऱ्या धोक्यावर खर्च केला, असे म्हणता येईल.

काही योजना वेगळ्या असतात. त्यांत व्होल्टेजमुळे होणारे नुकसान स्पष्ट शब्दांत धरलेले असते आणि किंमतही त्यानुसार जास्त असते. अशी योजना समोर आली तर वरचा भागाकार पुन्हा करा. या वेळी जळालेले बोर्डही मोजा.

मेकॅनिक कुठून येणार?

महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच आहेत. बीड जिल्ह्यातली आष्टी आणि वर्धा जिल्ह्यातली आष्टी ही तर तालुक्याची ठिकाणे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात एक आहे, गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आणखी एक. दूर कुठेतरी बसलेल्या कस्टमर केअरच्या माणसाला ‘आष्टी’ एवढेच सांगितले तर तक्रार बीडच्या केंद्राकडे जाण्याची शक्यता भरपूर. म्हणून खरेदी करताना आणि तक्रार नोंदवताना पिन कोड आणि ‘तालुका परतूर, जिल्हा जालना’ हे न चुकता सांगायचे.

पिन कोडचे खरे काम मात्र खरेदीच्या आधीचे आहे. टीव्ही घरपोच येतो याचा अर्थ दुरुस्तीही घरपोच येईल असा होत नाही. पार्सल पोचवणारी कंपनी वेगळी, दुरुस्ती करणारी वेगळी. योजनेच्या अटींत सेवेचे तीन प्रकार दिसतात. एकात मेकॅनिक घरी येतो. दुसऱ्यात वस्तू कोणीतरी घरून नेतो आणि दुरुस्त करून आणून देतो. तिसऱ्यात आपणच वस्तू केंद्रावर न्यायची असते. अनेक योजनांत एक वाक्य असते, की जिथे घरपोच सेवा उपलब्ध नाही तिथे ग्राहकाने वस्तू जवळच्या केंद्रावर आणावी. आष्टीच्या ग्राहकासाठी जवळचे केंद्र जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात निघू शकते. ४३ इंचांचा पडदा गाडीत घालून तिथवर न्यायचा आणि परत आणायचा म्हणजे गाडीभाडे, दिवसाची मजुरी आणि वाटेत पॅनेल तडकण्याची भीती. वाटेत तडकले तर ते ‘पडून फुटणे’ या वगळलेल्या सदरात जाते.

म्हणून पैसे भरण्याआधी कस्टमर केअरला फोन लावून एकच प्रश्न विचारा: ‘या पिन कोडवर मेकॅनिक घरी येतो का?’ उत्तर ‘हो’ असेल तर तेच ईमेलवर किंवा चॅटवर लिहून मागा आणि त्याचा फोटो ठेवा. लिहून द्यायला तयार नसतील, तर मेकॅनिक येणार नाही असेच धरून हिशेब करा.

याच वेळी बाजारातल्या टीव्ही मेकॅनिकलाही विचारून ठेवा, की या कंपनीचे बोर्ड आणि पट्ट्या सहज मिळतात का. तो चार हजारांत काम करून देत असेल तर योजनेची तुलना त्याच्या दराशी करायची, कंपनीच्या दरपत्रकाशी नाही.

अटींत वाचायच्या चार ओळी

सगळ्या अटी कोणी वाचत नाही. पण चार ओळी शोधून वाचाव्यात.

पहिली, योजना कधी सुरू होते. ‘२ वर्षे’ याचा अर्थ कंपनीच्या एका वर्षानंतर आणखी दोन, की खरेदीपासून एकूण दोन? दुसरा अर्थ असेल तर तुम्ही एकाच वर्षाचे पैसे देत आहात आणि बरोबरीसाठी दर वर्षी बिघाडाची शक्यता दुप्पट लागेल.

दुसरी, जास्तीत जास्त किती रक्कम मिळते. बऱ्याच योजनांत घसारा धरतात. तिसऱ्या वर्षी मर्यादा बिलाच्या ६० टक्के असेल, तर आपल्या टीव्हीसाठी ती १४,९९४ रुपये झाली. पॅनेलचा खर्च १६,००० असल्याने ‘दुरुस्ती परवडत नाही’ असा शेरा पडेल आणि १४,९९४ रुपये देऊन योजना बंद होईल.

तिसरी, ही रक्कम कशात मिळते: बँकेत, की त्याच संकेतस्थळाच्या कूपनमध्ये? कूपन मिळाले तर पुढची खरेदीही तिथेच करावी लागते.

चौथी, वचन देणारा कोण. टीव्हीची कंपनी, विकणारे संकेतस्थळ, तिसरीच एखादी सेवा कंपनी की विमा कंपनी? बिलावर आणि योजनेच्या कागदावर ज्याचे नाव असेल त्यालाच जाब विचारता येतो. योजनेच्या कागदावर टीव्हीचा सीरियल नंबर बरोबर पडला आहे का, हेही तपासा. पहिल्या वर्षात कंपनीने टीव्ही बदलून दिला तर नंबर बदलतो. नवा नंबर योजनेत नोंदवून घेतला नाही, तर दुसऱ्या वर्षी क्लेम अडतो.

‘हो’ म्हणावे असे प्रसंग

टीव्हीसाठी उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ येते. पण हाच भागाकार काही ठिकाणी ‘घ्या’ म्हणतो. मोबाइलची पडझड धरणारी योजना हे त्याचे उदाहरण. १४,००० रुपयांचा फोन, वर्षाची योजना ८९९ रुपयांना, स्क्रीन बदलण्याचा खर्च ४,५०० आणि दर क्लेममागे ५०० रुपये शुल्क असे धरू. एका क्लेममध्ये खरा फायदा ४,००० रुपयांचा. ८९९ भागिले ४,००० म्हणजे शंभरात साडेबावीस. ज्याच्या फोनची स्क्रीन गेल्या चार वर्षांत दोनदा फुटली आहे, त्याच्यासाठी शक्यता शंभरात पन्नासच्या आसपास आहे. त्याने योजना घ्यावी. ज्याचा फोन कव्हरमध्ये असतो आणि कधी फुटला नाही, त्याने घेऊ नये. किंमत दोघांना सारखीच आहे आणि आपली सवय कंपनीपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे. ग्राहकाचे पारडे जड असण्याची ही दुर्मीळ जागा.

इथे एक खोच आहे. स्क्रीन फुटल्यावर तुम्ही खरोखर कंपनीचीच स्क्रीन टाकणार आहात का? बाजारात १,८०० रुपयांची नकली स्क्रीन टाकून काम भागवणार असाल, तर योजनेचा फायदा १,३०० रुपयेच उरतो आणि बरोबरीसाठी शंभरात ६९ वेळा स्क्रीन फुटायला हवी. तुलना नेहमी आपण प्रत्यक्षात करू त्या खर्चाशी करायची.

दुसरा प्रसंग रोजीरोटीच्या यंत्राचा. सेवा केंद्र चालवणाऱ्याचा लॅपटॉप आठवडाभर बंद पडला तर दुरुस्तीच्या बिलाबरोबर आठ दिवसांची कमाईही जाते. ती दुरुस्तीखर्चात मिळवून मग भागाकार करा. कंपनीचा माणूस ठरलेल्या मुदतीत जागेवर येण्याचे वचन असेल आणि ते तुमच्या पिन कोडला लागू असेल, तर अशी योजना जास्त पैशांतही परवडते.

घाई कोणाला आहे?

ब्रिटनमध्ये घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव वॉरंटीची चौकशी तिथल्या स्पर्धा आयोगाने केली आणि २००३ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर २००५ पासून नियम आला, की दुकानदाराने वॉरंटीची किंमत लेखी द्यावी, ग्राहकाला तीच किंमत ३० दिवस मिळावी आणि घेतल्यावर ४५ दिवसांत रद्द करण्याची मुभा असावी. ग्राहक दुकानातून बाहेर पडून शांतपणे विचार करू शकला, की घाईतला सौदा टळतो, हा त्यामागचा विचार.

भारतात असा खास नियम नसला तरी ग्राहक उघडा पडलेला नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाची संमती आधीच टिचकी मारलेल्या चौकटीतून घेता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. ग्राहकाच्या टोपलीत परस्पर एखादी वस्तू किंवा सेवा घालणे, खोटी घाई दाखवणे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला ओशाळे करणारी वाक्ये वापरणे हे तिन्ही प्रकार त्यांत आहेत. पैसे भरण्याआधी एकूण रकमेची बेरीज स्वतः करा. योजना परस्पर जोडली गेली असेल तर ती तिथेच दिसते.

आणि मुख्य म्हणजे, अनेक कंपन्या आपली वाढीव वॉरंटी पहिले वर्ष संपेपर्यंत केव्हाही विकतात. तशी सोय असेल, तर टीव्हीच्या बिलासोबत योजना घेण्याचे काही कारण उरत नाही. पहिले वर्ष तसेही कंपनीचेच आहे. अकराव्या महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोपर्यंत एकदा बोर्ड बदलावा लागला असेल, तर मेकॅनिक आष्टीत घरी आला की जालन्याला या म्हणाला, हेही कळलेले असेल. तेव्हा घेतलेला निर्णय अनुभवावर उभा असतो.

योजना घेतल्यावर कंपनीने वचन मोडले तर आधी लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथेही सुटले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. विकणारा बंगळूरुचा असो की दिल्लीचा, आष्टीच्या ग्राहकाची तक्रार जालन्याच्या जिल्हा आयोगात चालते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. बिल, योजनेच्या अटींची प्रत, मेकॅनिकचा अहवाल आणि पिन कोडबद्दलचे ते लेखी उत्तर, एवढे चार कागद जपून ठेवले असतील तर तक्रारीचे निम्मे काम झालेलेच असते.